चिप आधी, लस नंतर

सकाळी ६.४५

आज बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५. सोन्या रात्री नऊला कोल्हापूर सोडणार आहे. दवाखान्यात गेल्यावर निवांतपणा मिळत नाही, म्हणून त्याची फाईल काल घरीच आणली होती. चहा घेता घेता पहिल्या पानापासून पुन्हा वाचली.

सोन्या पाच वर्षांचा तांबडा बोका. मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यात वाढलेला. त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवणारी मुलगी दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला गेली आणि बोका आई-बाबांकडे राहिला. तिकडे घर मिळालं, घरमालकानं मांजर ठेवायला लेखी परवानगी दिली, तेव्हा घरच्यांनी ठरवलं की कुणी ओळखीचं जर्मनीला निघालं की त्याच्याबरोबर सोन्याला पाठवून द्यायचं. तसं चालत नाही. पाळीव प्राणी मालकाबरोबर हवा, नाहीतर मालकानं लेखी नेमलेल्या माणसाबरोबर. दुसऱ्या वाटेनं नेलं तर मालकाच्या आणि प्राण्याच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. अंतर वाढलं की तो व्यापारी माल धरला जातो आणि नियम सगळे बदलतात. म्हणून मुलगी स्वतः रजा टाकून आली आहे.

फाईलच्या दुसऱ्या पानावर माझी चूक आहे. मे २०२४ मध्ये मी सोन्याला रेबीजची लस टोचली. चिप त्या दिवशी संपल्या होत्या, त्यामुळे चिप बसवली जूनमध्ये. दोन्ही गोष्टी झाल्या, दोन्हींच्या नोंदी झाल्या, मी समाधानात होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला मुलीनं व्हिडिओ कॉलवर दोन्ही तारखा वाचून दाखवल्या आणि मला घाम फुटला. युरोपीय संघाच्या नियमात चिप लसीच्या आधी, निदान त्याच दिवशी बसलेली लागते. कारण अगदी सरळ आहे. लस याच मांजराला टोचली, हे चिपच्या नंबराशिवाय सिद्ध करता येत नाही. चिपच्या आधीची लस कागदावर नसल्यातच जमा. मे ते सप्टेंबर असे चार महिने माझ्यामुळे वाया गेले. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात कुणी परदेशाचं नाव काढलं की आधी चिप, मग चिप वाचायची, मग लस, असा क्रम भिंतीवर लिहून ठेवला आहे.

९ सप्टेंबरला, गणपती बसून दोन दिवस झाले होते तेव्हा, चिप वाचून लस पुन्हा दिली. त्यानंतर किमान तीस दिवस थांबून रक्त काढायचं असतं. दसऱ्यानंतरचा सोमवार, १४ ऑक्टोबर, हा दिवस धरला. भारत हा रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाच्या मान्य देशांच्या यादीत नाही, त्यामुळे नुसतं लसीचं कार्ड पुरत नाही. लसीनं अंगात प्रतिकारशक्ती तयार झाली का, हे त्यांनी मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतूनच तपासून घ्यावं लागतं. प्रमाण मिलिलीटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट हवं. सोन्याचं १.९ आलं. पण अहवाल हातात आला म्हणजे निघता येतं असं नाही. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. लसीच्या आधीच मांजराला रेबीजची लागण झालेली असेल तर या मुदतीत रोग बहुधा वर येतो, म्हणून ही थांबण्याची अट. सोन्याचे तीन महिने यंदा संक्रांतीला पूर्ण झाले.

सकाळी ९.३०

मुलगी आणि तिचे बाबा सोन्याला घेऊन राजारामपुरीत दवाखान्यात आले. बॅगेची चेन उघडली तरी सोन्या बाहेर यायला तयार नव्हता, आत पाय दुमडून बसला होता. बॅग त्याला आसऱ्याची जागा वाटते आहे याची ही खूण. नोव्हेंबरमध्ये याच बॅगेत घालताना त्यानं बाबांच्या मनगटाला ओरखडे काढले होते.

आधी चिप. स्कॅनर दोन्ही खांद्यांच्या मधे धरला, आवाज आला नाही. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली सरकते. हळूहळू डाव्या खांद्यावरून खाली आणल्यावर नंबर लागला. पंधरा आकडे. मी तीन-तीनच्या गटानं मोठ्यानं वाचले. मुलीनं लसीच्या कार्डावर बोट ठेवून ताडले, बाबांनी रक्ताच्या अहवालावर. एकदा झाल्यावर कागद अदलून-बदलून पुन्हा ताडले. मांजर अडकतं ते बहुतेक इथंच: कुठल्या तरी कागदावर आठाचा शून्य झालेला असतो आणि तो कागद त्या मांजराचा उरत नाही. त्यातच चिप कुठे सरकली आहे हेही लिहून दिलं, म्हणजे मुंबईच्या किंवा फ्रँकफुर्टच्या माणसाला ती शोधत बसावं लागणार नाही.

मग तपासणी. ताप नाही, हिरड्या गुलाबी, कान स्वच्छ, छाती साफ. वजन ६ किलो १०० ग्रॅम.

या वजनासाठी तीन महिने गेले आहेत. लुफ्तान्साच्या केबिनमध्ये मांजर आणि बॅग मिळून आठ किलोपर्यंतच चालतं आणि मऊ बॅग ५५ बाय ४० बाय २३ सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. तेवीस म्हणजे उंची, कारण बॅग पुढच्या आसनाखाली बसली पाहिजे. नोव्हेंबरात सोन्या ६ किलो ७०० होता. बॅग १ किलो ४००, आतली शोषून घेणारी गादी आणि कापड ३०० ग्रॅम. बेरीज ८ किलो ४००. चारशे ग्रॅमसाठी काउंटरवर "याला खाली सामानात घाला" असं ऐकावं लागलं असतं. बाबा म्हणाले होते, "आठवडाभर अर्धपोटी ठेवू की, मॅडम." मी त्यांना तिथल्या तिथे थांबवलं. लठ्ठ मांजर अचानक उपाशी ठेवलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि मांजर दगावू शकतं. आठवड्याला पन्नास ग्रॅम एवढ्याच बेतानं उतरवलं. खाणं मोजून, दिवसाच्या चार वाटण्यांत, आणि वाड्याच्या जिन्यावर दोरीमागं पळवणं. आज बेरीज ७ किलो ८०० आहे. विमानतळावरचा काटा थोडा इकडेतिकडे दाखवेल, तेवढी जागा ठेवली आहे.

तपासणीचा दाखला लिहिला. युरोपीय संघाचा मोठा फॉर्म इंग्रजी-जर्मन असा दोन भाषांतला आहे, कारण प्रवेश जर्मनीतून आहे. त्यावर माझी सही चालत नाही. ती केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण आणि प्रमाणपत्र सेवेच्या अधिकाऱ्याची लागते आणि ते कार्यालय मुंबईत आहे. आपण नीट भरलेला मसुदा, पासपोर्ट, तिकीट, लसीचं कार्ड, रक्ताचा मूळ अहवाल आणि मांजर समोर ठेवायचं. अधिकारी मांजर बघतात आणि मग सही-शिक्का करतात. सहीची शाई छपाईच्या रंगाहून वेगळी हवी असं फॉर्ममध्येच म्हटलं आहे, म्हणून मी मुलीला एक निळं पेन फाईलला अडकवून दिलं. सही झाल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचायचं. फार लवकर सही घेतली तर मुदत संपते, अगदी शेवटच्या दिवशी घेतली तर चूक दुरुस्त करायला दिवस उरत नाही. यांनी उद्या दुपारची वेळ घेतली आहे, विमान शुक्रवारी मध्यरात्रीनंतरचं. मधे शुक्रवारचा पूर्ण दिवस मोकळा आहे. एवढी फट हवीच.

सकाळी ११.००

नागाळा पार्कातून फोन. मुलगा लंडनला आहे, पर्शियन मांजर न्यायची आहे, केबिनचं तिकीट कुठल्या कंपनीचं काढू? मला सांगावं लागलं की ब्रिटनमध्ये उतरणाऱ्या विमानात मांजर केबिनमधून येऊ शकत नाही. ते मालवाहतुकीतूनच जातं, मग कंपनी कुठलीही असो. काही जण पॅरिसपर्यंत केबिनमधून नेतात आणि पुढे गाडीनं खाडी ओलांडतात. त्यांना ते ऐकून वाईट वाटलं. पण तिकीट काढल्यावर कळण्यापेक्षा आज कळलं ते बरं झालं. आखाती कंपन्यांच्या बाबतीतही हीच गफलत होते. एमिरेट्सच्या केबिनमध्ये ससाणा चालतो, मांजर नाही.

दुपारी १२.१५

कागलहून एक जोडपं, बुटाच्या खोक्यात चार महिन्यांचं करडं पिल्लू. नवऱ्याची बदली नेदरलँड्सला झाली आहे, ३ मेची तिकिटं काढून झाली आहेत. "मॅडम, लस टोचून दाखला द्या, एवढंच राह्यलंय."

मी कॅलेंडर पुढ्यात घेतलं. आज चिप आणि लगेच लस. तीस दिवस म्हणजे १४ मार्च. तिथून तीन महिने म्हणजे १४ जून. ३ मेला हे पिल्लू कुठल्याही खटपटीनं युरोपात उतरू शकत नाही. उतरवलं तर परत पाठवतात किंवा मालकाच्या खर्चानं विलगीकरणात ठेवतात. बाई गप्प झाल्या. पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवत राहिल्या. शेवटी ठरलं की नवरा मेमध्ये पुढं जाईल, त्या पिल्लासाठी मागं राहतील आणि जूनमध्ये निघतील. पाच दिवसांच्या अटीसाठी मग पिल्लाच्या कागदांवर मालक म्हणून बाईंचंच नाव आजपासून घातलं.

लहान पिल्लाच्या बाबतीत आणखी एक शंका असते. पहिल्याच लसीवर काही मांजरांचं प्रमाण ०.५ च्या खाली राहतं. मग लस पुन्हा द्यायची, रक्त पुन्हा काढायचं आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. हे मी त्यांना आजच सांगितलं, जूनचं तिकीट बदलता येईल असंच काढा म्हणून. पिल्लू मोठं झाल्यावर बूस्टरची तारीख एकदाही चुकवली नाही तर ही रक्ततपासणी जन्मात पुन्हा करावी लागत नाही, हेही सांगितलं. त्यावर बाई पहिल्यांदा हसल्या.

दुपारी ३.००

सोन्याचं आजचं शेवटचं खाणं, घरी. मुलीनं फोटो पाठवला. नेहमीच्या निम्मं, ओलं खाणं. निघायच्या सहा तास आधी. पोट रिकामं असलं तर घाटात उलटी होत नाही. पाणी मात्र शेवटपर्यंत चालू.

दुपारी ४.३०

तालीम. दुपारी दवाखाना बंद असतो, खोलीत आम्ही तिघी आणि सोन्या. दार आतून लावलं, खिडक्या लावल्या.

मांजराच्या विमानप्रवासात सर्वांत धोक्याची जागा आकाशात नाही, ती सुरक्षा तपासणीच्या पट्ट्याशी आहे. तिथे बॅग एक्स-रे यंत्रातून जाते आणि मांजराला बाहेर काढून हातात धरावं लागतं. समोर पट्ट्यावर ट्रे आदळत असतात, माणसं गर्दीनं पुढे सरकत असतात. घाबरलेलं मांजर एकदा हातातून सुटलं की विमानतळाच्या छतात जाऊन बसतं. म्हणून अंगात हार्नेस निघायच्या आधीपासूनच हवा, दोन बोटं आत जातील एवढाच सैल, आणि त्याची दोरी मनगटाला गुंडाळलेली. आणि तपासणी सुरू व्हायच्या आधी जवानांना शांतपणे विनंती करायची की मांजर बंद खोलीत किंवा पडद्याच्या आड काढू द्या. मुलगी ते वाक्य हिंदीत दोनदा म्हणाली.

मग टेबल हेच यंत्र धरलं. मदतनीस मुलीनं स्टीलचे ट्रे मुद्दाम आपटले. मुलीनं सोन्याला बाहेर घेतलं, त्याचं तोंड आपल्या काखेत दडवलं, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. रिकामी बॅग टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला सरकवली. पहिल्या खेपेला सोन्यानं नखं काढली. दुसऱ्या खेपेला तो काखेत घुसून राहिला. तिसऱ्या खेपेला बॅग समोर येताच आपणहून आत शिरला.

असं आपणहून शिरणं एका दिवसात येत नाही. नोव्हेंबरपासून ती बॅग वाड्यात माजघरात उघडी पडून आहे. आधी तिच्याशेजारी ताट, मग दारात, मग आत. मग आत असताना चेन लावायची, एक मिनिट, पाच मिनिटं. मग बाबांच्या स्कूटरवर नव्हे, रिक्षातून रंकाळ्यापर्यंत. आतलं कापड आजीच्या जुन्या नऊवारीतून फाडलेलं आहे, आणि मी ते धुऊ दिलेलं नाही. परक्या घरात पहिले काही दिवस त्याला ओळखीचा वास तेवढा एकच असेल.

औषधाबद्दल मुलीच्या मनात भीती होती. गुंगीचं इंजेक्शन देऊन मांजर निपचित पाडणं विमान कंपन्यांनाही नको असतं आणि मलाही. जुन्या पद्धतीच्या गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो, शरीर सैल पडतं आणि भीती मात्र आत तशीच राहते. आम्ही गॅबापेंटिन वापरतो. त्यानं धास्ती कमी होते, मांजर जागं राहतं, हाक मारली तर बघतं. सोन्याची मूत्रपिंडं तपासून घेतलेली आहेत, त्याला १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल ठरली. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा बरीच कमी करावी लागते, म्हणून एका मांजराची गोळी दुसऱ्याला कधी देऊ नये. दोन रविवारांपूर्वी घरी देऊन पाहिली होती. दीड तासानं परिणाम दिसला, चालताना मागचे पाय जरा डगमगले, सातेक तासांत पूर्ववत झाला. पहिला डोस प्रवासाच्याच दिवशी कधीही देऊ नये. कुठल्या मांजराला काय होईल ते आधी घरात कळलं पाहिजे.

संध्याकाळी ६.१५

ओपीडीच्या गर्दीतच सोन्याचे बाबा एकटे आले. बिल सकाळीच दिलेलं होतं. बाकावर बसले, गर्दी ओसरेपर्यंत थांबले.

"मॅडम, एवढं सगळं करून तो तिकडं रमला न्हाई तर?"

मी खरं ते सांगितलं. पहिले दोन-तीन दिवस तो पलंगाखाली बसेल, कदाचित खाणार नाही. एका खोलीतच ठेवायचं, वाळूची पेटी, पाणी आणि आजीचं कापड त्याच खोलीत. वाटेत तो लघवी करणार नाही, मांजरं बारा-चौदा तास सहज धरून ठेवतात. पण बोक्यानं चोवीस तासांत लघवी केलीच नाही, किंवा पेटीत बसून नुसता कण्हत राहिला, तर तिथल्या डॉक्टरकडे त्याच वेळी न्यायचं. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ताणानं ती तुंबते आणि एका दिवसात जिवावर बेतू शकतं. हे मी मुलीच्या फाईलमध्ये लाल शाईनं लिहिलं आहे.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आमच्याकडं पाच वर्षं राह्यला. पण तिच्या चपला अजून दाराशी हायत, तिथंच झोपतोय रोज." आणि उठले.

रात्री ८.४५

मी घरी जाताना मंगळवार पेठेतून गेले. रेल्वेनं जायचा विचार त्यांनी केव्हाच सोडला होता. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये मांजर सोबत ठेवायचं तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावावर हवा आणि तो मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं. म्हणून भाड्याची गाडी, रात्रीची. हॉर्न कमी, ऊन नाही. सातारा रस्त्यावर सहापदरीकरणाची वळणं आहेत, चालकाला सावकाश न्यायला सांगितलं आहे. पहाटे ठाण्यात मावशीकडे, तिथे सोन्याला खाणं आणि वाळू, दुपारी कार्यालय.

सातला दिलेल्या कॅप्सूलचा परिणाम दिसत होता. डोळे अर्धे मिटलेले, शेपूट सैल. गाडीत मागच्या आसनावर बॅग पट्ट्यानं बांधली, वरून पातळ चादर टाकली, एक बाजू हवेसाठी उघडी. गाणी बंद. आईनं चादरीच्या फटीतून बोट आत घातलं, सोन्यानं ते हुंगलं आणि हनुवटी त्यावर टेकली. त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या. चालकानं गाडी सुरू केली नाही, वाट पाहिली.

मूळ कागद मुलीच्या पाठीवरच्या पिशवीत आहेत, मोठ्या सामानात नाहीत. फ्रँकफुर्टला उतरल्यावर हिरव्या वाटेनं निघून जायचं नाही, लाल वाटेनं कस्टमकडे जाऊन मांजर आणि कागद आपणहून दाखवायचे, एवढं तिला शेवटचं पुन्हा सांगितलं. तिनं माझा हात हातात घेतला. गाडी निघाली.

रात्री १०.२०

मेसेज आला: किणी टोलनाका ओलांडला, सोन्या झोपला आहे.

मी दिवसाची वही भरत होते. कागलच्या पिल्लापुढे रक्ताची तारीख १४ मार्च लिहिली आणि मग खोडली. त्या दिवशी धुळवड, शिवाय शुक्रवार. कुरिअर बंद, आणि वेगळं केलेलं सीरम शनिवार-रविवार कुठल्या तरी गोदामात पडून राहिलं तर बर्फ वितळून नमुना खराब होतो. नवी तारीख लिहिली: सोमवार, १७ मार्च. त्या दिवसापासून तीन महिने धरून पिल्लू निघू शकेल ते १७ जूनला.